मैदानाची नोंदवही: रबर, कृत्रिम गवत, वाळू आणि पुरवठादाराला दोनदा लिहावं लागलेलं पत्र

१२ जानेवारी

शाळेच्या खेळाच्या जागेखाली काहीतरी मऊ घालायचं ठरलं. आमच्याकडे चार गोष्टी आहेत: घसरगुंडी, दोन पाळण्यांचा झोका, लोंबकळत जायची आडवी शिडी (मुलं तिला मंकी बारच म्हणतात) आणि लहान वर्गांसाठी चढायचा बुटका सांगाडा. खाली इतकी वर्षं घट्ट दाबलेला मुरूम होता. मुख्याध्यापिका म्हणून पत्र मीच लिहिलं. पत्रात इतकंच होतं: अमुक चौरस मीटर जागा आहे, रबर, कृत्रिम गवत आणि वाळू या तिन्हींचे दर कळवावेत, माल 'मुलांसाठी सुरक्षित' असावा. चार पुरवठादारांना पाठवलं. अर्ध्या तासात काम झालं म्हणून खूश होते.

२१ जानेवारी

तीन उत्तरं आली आणि तिन्हींचा उपयोग शून्य. एकाने २५ मिलिमीटर रबराचा दर दिला, दुसऱ्याने ५० मिलिमीटरचा. तिसऱ्याने जाडीच लिहिली नाही, फक्त 'प्रीमियम क्वालिटी' लिहिलं. गवताखाली पॅड धरला आहे की नाही, हे कोणीच सांगितलं नव्हतं. वाळूचा दर ट्रकवर होता. साहजिकच सगळ्यात पातळ माल सगळ्यात स्वस्त दिसत होता, आणि संस्थेच्या बैठकीत सगळ्यांची बोटं त्याच कागदाकडे वळली.

दोष पुरवठादारांचा नव्हता. 'सुरक्षित' या शब्दाला माप नसतं. मूल किती उंचीवरून पडणार आहे, हे मीच लिहिलं नव्हतं.

२४ जानेवारी

क्रीडाशिक्षक, शिपाईमामा आणि मी टेप घेऊन उतरलो. घसरगुंडीचा उभं राहायचा फलाट जमिनीपासून १.५ मीटर. मंकी बार २.१ मीटर. लहानग्यांचा सांगाडा ०.९ मीटर.

झोक्यापाशी चुकलो. पाळणा जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर असतो म्हणून सरांनी वहीत ०.४५ लिहिलं. पण मूल पाळणा स्थिर असताना पडत नाही, तो उंच गेलेला असताना पडतं किंवा उडी मारतं. युरोपीय पद्धतीत साखळी ६० अंशांपर्यंत वर गेली असं धरून पाळण्याची उंची काढतात. आमच्या झोक्याची ती साधारण १.४ मीटर येते. अमेरिकी पद्धत त्याहून कडक आहे. ती साखळी जिथे अडकवली आहे तिथपासून जमिनीपर्यंतचं अंतरच धरते, म्हणजे आमच्याकडे २.४ मीटर. आम्ही मोठा आकडा धरला.

दुसरी चूक क्षेत्रफळाची. मंकी बार ३ मीटर लांब आणि ०.८ मीटर रुंद आहे. पहिल्या पत्रात मी त्यासाठी ४ बाय २, म्हणजे ८ चौरस मीटर धरले होते. मूल सरळ खाली पडतच नाही, झोकांडी जाऊन बाजूला पडतं. नियम असा: उंची १.५ मीटरपर्यंत असेल तर चहूबाजूंनी दीड मीटर मऊ जागा हवी. त्याहून जास्त उंचीला, उंचीच्या दोन तृतीयांशात अर्धा मीटर मिळवायचा. २.१ चे दोन तृतीयांश १.४, अधिक ०.५, म्हणजे १.९ मीटर सगळीकडून. आता लांबी ६.८ आणि रुंदी ४.६ झाली, क्षेत्रफळ ३१ चौरस मीटर. ८ चे थेट ३१!

झोक्याला त्याहून जास्त जागा लागते, पण फक्त पुढे-मागे: दोन्हीकडे टांगणीच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे ४.८ आणि ४.८ मिळून ९.६ मीटर. आडव्या दिशेने खांबांच्या बाहेर १.८ मीटर पुरतात, त्यामुळे रुंदी ६.८. एकूण ६५ चौरस मीटर.

हे करताना आणखी एक गोष्ट दिसली. झोक्याभोवतीचा सिमेंटचा कट्टा या जागेच्या आत येत होता. मऊ जमीन करून तिच्या मधोमध सिमेंटची धार ठेवण्यात काही अर्थ नव्हता. तो फोडावा लागणार.

२ फेब्रुवारी

दुसरं पत्र. हे पूर्ण देते, कारण याच कामाला लागलेल्यांना बहुधा हेच हवं असेल.

> महोदय,
>
> सप्रेम नमस्कार. आमच्या शाळेच्या खेळाच्या जागेत पडझडीपासून संरक्षण देणारा पृष्ठभाग करायचा आहे. दर कळवण्याआधी खालील मापं लक्षात घ्यावीत.
>
> घसरगुंडी: पडण्याची उंची १.५ मीटर. मंकी बार: २.१ मीटर, जागा ६.८ बाय ४.६ मीटर. झोका: २.४ मीटर, जागा ९.६ बाय ६.८ मीटर. लहान मुलांचा सांगाडा: ०.९ मीटर. आराखडा सोबत जोडला आहे.
>
> घसरगुंडी आणि मंकी बारखाली जागेवर ओतायचं रबर, सांगाड्याखाली कृत्रिम गवत आणि झोक्याखाली वाळू असा आमचा विचार आहे. तो बदलावा असं वाटल्यास कारणासह कळवावं.
>
> १. रबराची प्रत्येक उंचीसाठी किती जाडी देणार? त्यात काळ्या दाण्यांचा खालचा थर किती आणि रंगीत वरचा थर किती?
>
> २. त्या जाडीचा ईएन ११७७ या युरोपीय किंवा एएसटीएम एफ १२९२ या अमेरिकी मानकाप्रमाणे केलेला आघात-चाचणी अहवाल पाठवावा. अहवालातली जाडी आणि आम्हाला देऊ केलेली जाडी एकच असावी.
>
> ३. गवताचा अहवाल एकट्या गवताचा नको. गवत, खालचा पॅड आणि आत भरायची वाळू या तिघांचा एकत्रित हवा.
>
> ४. गवतात रबराचे दाणे भरणार असाल तर त्यातल्या पीएएच या आरोग्याला घातक संयुगांचा अहवाल द्यावा. युरोपीय संघाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, तीच आम्ही धरू.
>
> ५. वाळूच्या दाण्याचा आकार काय? धुतलेली आहे का? नैसर्गिक आहे की दगड फोडून केलेली?
>
> ६. काम पूर्ण झाल्यावर जागेवर आघात-चाचणी करून द्याल का? तीत नापास झाल्यास दुरुस्तीचा खर्च कोणाचा?
>
> ७. तिन्ही मालांचे एक फूट चौरस नमुने पाठवावेत.
>
> कळावे,
> आपली विश्वासू,
> मुख्याध्यापिका

१४ फेब्रुवारी

चारपैकी दोघांनी उत्तर दिलं. एकाने फोन करून विचारलं, "मॅडम, एवढं कोण विचारतं? शाळाच आहे ना?" त्याचं नाव तिथेच खोडलं.

दुसऱ्या प्रश्नाने सगळ्यात जास्त काम केलं. २५ मिलिमीटरवाल्याकडे अहवाल होता, पण तो ५० मिलिमीटरचा. उरलेल्या दोघांपैकी एकाचे अहवाल जाडीनुसार वेगवेगळे होते: ६० मिलिमीटरला पडण्याची उंची १.७ मीटर, ९० मिलिमीटरला २.३ मीटर. हे आकडे त्याच्याच मालाचे आहेत, दुसऱ्याच्या रबराला लावू नका. दाणा आणि दाण्यांना चिकटवणाऱ्या बाइंडरचं प्रमाण बदललं की उंची बदलते.

चौथ्या प्रश्नाचं लेखी उत्तर आलंच नाही. आठवडाभराने निरोप आला की गवतात दाण्यांऐवजी नुसती गोल दाण्याची सिलिका वाळू भरून देतो. आम्हाला तेच हवं होतं.

खर्च पहिल्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला. जागा आणि जाडी दोन्ही वाढल्यावर दुसरं काय होणार? बैठकीत घसरगुंडी-मंकी बार एका टप्प्यात आणि बाकी दुसऱ्या टप्प्यात असं ठरलं. मी मंकी बार काढून टाकायचाही पर्याय ठेवला होता. उंची कमी करणं हा सगळ्यात स्वस्त पृष्ठभाग आहे, असं माझं आजही मत आहे. मुलांचा आवडता खेळ म्हणून तो वाचला.

१ मार्च

नमुने आले. गच्चीवर उन्हात आठ दिवस ठेवले, रोज पाणी मारलं. मग ओला पांढरा रुमाल घासला. एका रबराने रुमाल काळा केला आणि अंगठ्याने दाणेही सुटले, म्हणजे बाइंडर कमी. तो बाद. गवताचा नमुना उलटा करून पाठीमागची भोकं पाहिली आणि एकेक पातं ओढून पाहिलं, ठीक होतं.

दुपारी हातात धरायच्या तापमापकाने मोजलं. हवा ३६ अंश, गवत ६१, गडद निळं रबर ६३, फिकं बदामी रबर ५२. मुलं बूट काढून खेळतात, तेव्हा गडद रंग रद्द. चित्रकलेच्या सरांना निळं तळं काढायचं होतं, त्यांची थोडी नाराजी झाली.

८ ते १३ एप्रिल

सुट्टी लागली. कट्टा फोडला, मुरूम काढला, कोबा घातला. कोब्याला पाण्यासाठी हलका उतार दिला आणि कडेला निचऱ्याची चारी.

१९ एप्रिल

सगळ्यात महागात पडलेला दिवस.

रबर ओतणारी माणसं आली. खालचा काळा थर दिवसभरात पसरून झाला. संध्याकाळी मी गोणपाट शिवायचं दाभण घेऊन गेले. दाभणावर ५० आणि ८० मिलिमीटरला नेलपॉलिशच्या खुणा केल्या होत्या, कारण वरचा रंगीत थर आणखी १० मिलिमीटरचा येणार होता. हे रबर सच्छिद्र असतं, दाभण जोर लावला की कोब्यापर्यंत जातं आणि भोक आपोआप मिटतं. घसरगुंडीखाली सगळीकडे ५० च्या आसपास भरलं. मंकी बारखालीही ५०च भरलं.

पटकन लक्षात आलं नाही. मग आलं. वरून सगळं एका पातळीत हवं आणि एका जागी रबर ६०, दुसऱ्या जागी ९०, तर कोबा मंकी बारखाली ३० मिलिमीटर खोल हवा होता. गवंड्याने तो ओळंब्यात, देखणा, एकसारखा सपाट केला होता. आराखड्यात रबराची जाडी लिहिली होती, कोब्याची पातळी लिहिलीच नव्हती. गवंडी आम्ही नेमलेला, त्यामुळे पुरवठादारावर बोट दाखवता येईना.

कोबा फोडायचा म्हणजे नवं रबरही उखडायचं. त्याऐवजी मंकी बारच्या ३१ चौरस मीटरवर आणखी ३० मिलिमीटर काळा थर चढवला आणि कडेला चाळीसेक सेंटिमीटरांत उतार देऊन घसरगुंडीच्या पातळीला मिळवला. उतार इतका हलका ठेवला की पाय अडखळत नाही आणि चाकाची खुर्चीही जाते. जमीन ३ सेंटिमीटर वर आली म्हणून पडण्याची उंची तेवढीच कमी झाली, हा बोनस. जवळजवळ एक घनमीटर जादा रबर आणि दोन दिवस गेले. पैसे आमचे.

तुम्ही करत असाल तर वरचा रंग चढण्याआधी दाभण मारा. नंतर सापडलं असतं तर रंगीत थरही वाया गेला असता.

२२ एप्रिल

रात्री पाऊस शिंतडला. सकाळी रंगीत थर टाकायला माणसं तयार, म्हणाली, "ऊन आलंय मॅडम, वाळेल." पॉलियुरेथेन बाइंडर हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होतं, पाणी जास्त मिळालं की फेसाळतं आणि खालच्या थराला नीट धरत नाही. प्लास्टिकचा कागद थरावर चिकटपट्टीने लावून दोन तास ठेवला, खालून दव धरलं. काम एक दिवस पुढे ढकललं. मजुरी द्यावी लागली, तरी परवडलं.

३ मे

आघात-चाचणी. चाचणीवाल्याने तिकाटणं उभं केलं. त्याला साडेचार किलोहून थोडा जड धातूचा अर्धगोल, आत त्वरणमापक. ठरलेल्या उंचीवरून तो तीनदा सोडतात. डोकं किती अचानक थांबेल त्यावरून एचआयसी नावाचा आकडा निघतो. तो १००० च्या आत हवा आणि धक्क्याचा कमाल आकडा २०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २०० पटीच्या आत.

मंकी बारखाली मध्यभागी ७४०, एका टोकाला ८६०. उताराच्या सुरुवातीजवळ ९८०. पास झालं. चाचणीवाले गृहस्थ मात्र म्हणाले, "या ९८० वर खूश होऊ नका. रबर वर्षागणिक कडक होतं, दोन वर्षांनी हीच जागा पहिली नापास होईल." ती जागा आराखड्यावर लाल शाईने गोल करून ठेवली आहे.

पालकांच्या सभेत एक गोष्ट मुद्दाम सांगितली: ही चाचणी डोक्याच्या गंभीर इजेची आहे. हात टेकून पडलं तर मनगट मोडण्याची शक्यता या रबराने संपत नाही.

२० मे

वाळू. पहिला ट्रक परत पाठवला. गोल, धुतलेली, ०.२ ते २ मिलिमीटरची वाळू मागवली होती. आली ती फोडलेल्या दगडाची. मुठीत दाबली की तिचा लाडू वळत होता. टोकदार दाणे एकमेकांत अडकून बसतात आणि बारीक भुकटी मधल्या फटी भरते, मग पायाखाली फरशीसारखी घट्ट होते. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी हलवून ठेवलं. तासाभराने वाळूवर बोटभर गाळ बसला आणि पाणी गढूळच. दुसऱ्या खेपेच्या बरणीत गाळाची नुसती रेघ.

खोली ठरवताना पुन्हा गडबड. युरोपीय नियमात २ मीटरपर्यंत पडण्याला २० सेंटिमीटर वाळू, ३ मीटरपर्यंत ३०. त्यावर आणखी १० सेंटिमीटर धरायचे, कारण वाळू पायाने सरकते. आमची उंची २.४, म्हणजे ४० सेंटिमीटर. सरांनी मागणी २० च्या हिशोबाने नोंदवली होती. ६५ चौरस मीटर गुणिले ०.४, म्हणजे २६ घनमीटर. आली होती १३. उरलेली मागवताना १५ टक्के जास्त सांगितली, कारण भरल्यावर ती बसते.

खाली १० सेंटिमीटर खडी, तिच्यावर जिओटेक्स्टाइल कापड, मग वाळू. कापड नसेल तर खडी हळूहळू वर येते.

२८ मे

गवत. सांगाड्याखाली पॅड आणि वर गवत, एका दिवसात झालं. एकच तक्रार: सांधा नेमका सांगाड्याच्या पायरीपाशी, जिथे प्रत्येक पाय पडतो तिथे आला होता. पट्टी काढून सांधा बाजूला घ्यायला लावला. आत भरलेली वाळू पंधरा दिवसांनी ताठ ब्रशने उलटसुलट करायची आहे.

१८ जून

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. दोन्ही पाळण्यांखाली टोपलीएवढे खड्डे. पट्टी खुपसली तर ४० ची वाळू १४ सेंटिमीटरवर आलेली, आणि कडेला ढीग. झोक्याखाली वाळू नको असं उत्तर दिलेल्या एका पुरवठादाराने लिहिलं होतं, तेव्हा तो रबर खपवतोय असं मला वाटलं होतं. त्याचं बरोबर होतं.

वरून दुसरा त्रास: वाळू मुलांच्या बुटांतून रबरावर येते, त्याची छिद्रं बुजवते आणि मंकी बारच्या कडेला पाणी साचतं. कोरड्या वाळूवरून रबरावर पाय घसरतो तो वेगळा.

२५ जून

दोन दुरुस्त्या. प्रत्येक पाळण्याखाली, जिथे पाय घासतात तिथे, जाड रबराच्या भोकाभोकाच्या चटया वाळूच्या पातळीच्या थोड्या खाली पुरून चारही कोपऱ्यांत साखळीने जखडल्या. वाळू आणि रबर यांच्यामध्ये दीड मीटरचा गवताचा पट्टा टाकला. बुटातली बरीचशी वाळू तिथे गळते.

झोक्याच्या खांबांवर ४० सेंटिमीटरची पिवळी रेघ मारली आणि ३० वर लाल. शिपाईमामा रोज सकाळी दंताळ्याने वाळू ओढतात आणि लाल रेघ दिसली तर पाळणे वर बांधून ठेवतात. आतापर्यंत दोनदा बांधले.

९ जुलै

चटईखाली आता ३१ सेंटिमीटर आहे. वाळूचे आणखी तीन घनमीटर मागवले. या वेळी मागणीच्या कागदावर दाण्याचा आकार, धुतलेली, नैसर्गिक, आणि 'उतरवण्याआधी बरणीत तपासणार' एवढं लिहिलं. ट्रकवाल्याने बरणी पाहून विचारलं, "लोणचं घालताय का?" वाळू मात्र पहिल्याच खेपेला चांगली आली.